गम आधी, चहा नंतर

माझा मित्र अकरा दिवसांपासून सिगारेट सोडून राहिलाय. वय ३६, रोजच्या बारा-तेरा, पहिली सकाळी उठल्या उठल्या चहासोबत. आमची ऑफिसं शेजारी-शेजारी आहेत, अकराचा आणि साडेचारचा चहा पानठेल्याजवळ एकत्र होतो. तो २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम आणतो, दिवसाला तीन-चार खातो, पण उचकी लागते, छातीत जळजळतं, आणि ‘हे काही कामाचं नाही’ म्हणतो. झोप नाही, हात थरथरतात, सारखी चिडचिड. मी रोज रात्री मेसेज करायचो, ‘आज किती?’ मागच्या रविवारी एका लग्नात त्याने दोन ओढल्या. मोबाइलच्या अॅपमधला आकडा शून्यावर गेला आणि तेव्हापासून तो माझा मेसेज पाहतो, उत्तर देत नाही. काल ऑफिसखाली भेटला तेव्हा त्यानेच विचारलं, ‘सिगारेटच्या जागी खर्रा चालेल का बे?’ मला बोलता आलं नाही, कारण दिवसातून एखादा खर्रा मीच खातो. मी काय करू?
— एक मित्र, सदर, नागपूर

खर्र्यापासूनच सुरुवात करू. मित्राला गम का लागू पडत नाही, याचं उत्तर त्या पन्नीतच आहे आणि ते तुम्हाला त्याच्यापेक्षा लवकर कळेल.

ठेल्यावर खर्रा घोटताना सुपारी आणि तंबाखूवर चुना पडतो, मग पन्नी घासली जाते. चुना कमी पडला की खाणारा म्हणतो, ‘लागत नाही’. हे चवीपुरतं नसतं. निकोटिन गालाच्या आतल्या नाजूक कातडीतून रक्तात जातं, पण त्यासाठी तोंडातली लाळ थोडी क्षारीय असावी लागते. तोंड आंबट असलं तर निकोटिन त्या कातडीतून पार होत नाही. ते लाळेबरोबर घशाखाली उतरतं. पोटात गेलेलं निकोटिन तिथे जळजळ करतं, उचकी आणतं, मळमळ आणतं. जे थोडं शोषलं जातं त्यातलं बरंचसं मेंदूपर्यंत जाण्याआधी यकृतच संपवतं. म्हणजे त्रास सगळा होतो आणि तलफ तशीच राहते. तुमच्या मित्राची तक्रार शब्दशः हीच आहे.

गम बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. म्हणून गममध्ये सोड्याच्या जातीचे क्षार घातलेले असतात. खर्र्यात चुना जे करतो तेच काम ते करतात, फक्त तोंड न भाजता. पण चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबू सरबत, ताक, संत्र्याचा रस, यांतलं काहीही गमच्या आधी पाव तासात किंवा गम तोंडात असताना प्यायलं, तर त्या क्षारांचं काम बिघडतं. तुमचा मित्र तलफ आली की गम तोंडात टाकत असणार, आणि त्याला तलफ येते ती नेमकी चहाच्या वेळी. एका हातात कटिंग, तोंडात गम. म्हणजे खर्रा खाऊन वर लिंबू पिळल्यासारखं झालं.

दुसरी चूक चावण्याची. गम म्हटलं की माणूस च्युइंगमसारखा चघळतच राहतो. थोड्याच वेळात बरंचसं निकोटिन एकदम सुटतं आणि लाळेबरोबर पोटात जातं. हा गम चावायचा कमी आणि ठेवायचा जास्त. हळूहळू दहा-पंधरा वेळा चावायचा. जिभेला मिऱ्यासारखी तिखट चव किंवा मुंग्या जाणवल्या की चावणं बंद. मग तो गाल आणि हिरडी यांच्या मध्ये दाबून ठेवायचा. मिनिटभराने चुरचुर कमी झाली की पुन्हा थोडा चावायचा आणि दुसऱ्या गालात ठेवायचा. असं अर्धा तास. चावूनही चव येईनाशी झाली की गम संपला, कागदात गुंडाळून टाकायचा. कुठे लहान मूल उचलेल असा टाकू नये, वापरलेल्या गममध्येही निकोटिन शिल्लक असतं.

गालात दाबून ठेवायचं म्हणजे नेमकं काय, हे सिगारेट ओढणाऱ्याला पाकिटावरच्या सूचना वाचून कळत नाही. खर्रा खाणाऱ्याला ते विचारावंही लागत नाही. तेव्हा हा धडा तुम्हीच द्या. ‘खर्रा कसा दाबून ठेवतो मी, तसा ठेव’, एवढं एक वाक्य पुरे.

आता प्रमाण. पूर्ण ओढलेल्या एका सिगारेटमधून साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम निकोटिन शरीरात जातं. २ मिलिग्रॅमच्या गममधून, अगदी नीट वापरला तरी, सुमारे १ मिलिग्रॅमच मिळतं, कारण उरलेलं गममध्येच राहतं किंवा गिळलं जातं. म्हणजे बारा सिगारेटींचं किमान १२ मिलिग्रॅम मिळायची सवय असलेल्या माणसाला तीन-चार गमवर ठेवलं, तर त्याच्या वाट्याला ३-४ मिलिग्रॅम आलं. त्यातलंही निम्मं चहाने वाया. हात थरथरतात, चिडचिड होते, यात त्याचं मन कच्चं असण्याचा काही संबंध नाही. त्याचा डोस कमी पडतोय.

पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक गम, म्हणजे दिवसाला निदान नऊ, असा सर्वसाधारण नियम आहे. कमाल मर्यादा २४ आहे, तिथपर्यंत जायची वेळ सहसा येत नाही. पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी एक, त्यानंतरचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी एक, असं कमी करत साधारण बारा आठवड्यांत थांबायचं. बहुतेक लोक याच्या उलट करतात. पहिल्या आठवड्यात कंजुषी करतात, कारण ‘याचीच सवय लागली तर?’ ही भीती असते. सिगारेटचं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि तो झटकाच सवय पक्की करतो. गमचं निकोटिन चढायला वीस-तीस मिनिटं लागतात, त्यामुळे त्याची तशी चटक फारशी लागत नाही. शिवाय गममध्ये धूर नाही, डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही.

या वीस-तीस मिनिटांतूनच सगळ्यात कामाची गोष्ट निघते. तलफ आल्यावर घेतलेला गम उशिराच पोचतो. तलफेचा जोर काही मिनिटांत आपोआप ओसरतो आणि गम त्याच्यानंतर येतो. म्हणून तलफ जिथे यायची ठरलेली आहे, तिच्या अर्धा-पाऊण तास आधी गम लागला पाहिजे. तुमच्या मित्राच्या बाबतीत तलफेच्या वेळा तुम्हाला पाठ आहेत.

त्याचा दिवस असा बसवून पाहा. साडेसहाला उठला की दात घासून लगेच पहिला गम, चहा सात-सव्वासातला. बायकोने किंवा आईने कप आधीच पुढे ठेवला तर तो प्यायचा, चूळ भरायची, पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग गम. गम संपल्यावर चहा लगेच चालतो, चहानंतर गम लगेच चालत नाही. हे घरच्यांना सांगितलेलं बरं, नाहीतर रोज सकाळी त्यावरून खटका उडेल. साडेआठच्या सुमाराला, घरून निघण्याआधी दुसरा. ऑफिसात अकराचा चहा, म्हणजे सव्वादहाला तिसरा गम, पावणेअकराला तो संपला, अकराला चहा मोकळ्या तोंडाने. जेवणाच्या आधी साडेबाराला एक आणि जेवण झाल्यावर चूळ भरून, पंधरा मिनिटांनी एक. जेवणानंतरची सिगारेट बहुतेकांना सगळ्यात जड जाते, तिथे काटकसर करू नये. मग पावणेचारला एक, साडेचारचा चहा. सहाला ऑफिस सुटताना एक, कारण गाडी काढताना हात खिशाकडे जातो. रात्री जेवणाआधी एक, जेवणानंतर एक. मोजले तर नऊ होतात. झोपायच्या आधी तासभर घेऊ नये, झोप आणखी उडते.

हे सगळं त्याने लक्षात ठेवायची गरज नाही. मोबाइलमध्ये नऊ अलार्म लावून द्या. ‘किती दिवस झाले’ दाखवणारं अॅप काढून टाकायला सांगू नका, त्याचं तो ठरवेल, पण अलार्म तेवढे लावाच.

एक अडचण आहे. जो उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट पेटवतो, त्याला २ मिलिग्रॅम बहुधा अपुरा पडतो. त्याच्यासाठी ४ मिलिग्रॅमचा गम असतो, तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो. दुसरा मार्ग म्हणजे निकोटिनची पट्टी आणि गम दोन्ही एकत्र. पट्टी दिवसभर संथपणे निकोटिन देत राहते आणि गम ठरावीक वेळच्या तलफेसाठी राहतो. नुसत्या एकापेक्षा ही जोडी जास्त लोकांना लागू पडते. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याला सहसा २१ मिलिग्रॅमच्या पट्टीने सुरुवात करतात, सहा आठवड्यांनी १४ आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी ७. पट्टी रोज सकाळी नव्या जागी लावायची, दंडावर, खांद्यावर किंवा छातीवर, जिथे केस नाहीत आणि तेल-पावडर लावलेली नाही अशा कोरड्या जागी. घामाने ती सुटते. सध्या थंडी आहे म्हणून ठीक, मे महिन्यात नागपुरात पट्टी लावणाऱ्याचे हाल असतात. रात्री फार स्वप्नं पडू लागली तर झोपताना ती काढून ठेवली तरी चालते. गोळ्याही आहेत, व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन, पण त्या डॉक्टरांनी तपासूनच द्यायच्या.

म्हणून त्याला एकदा डॉक्टरकडे न्या. हृदयविकार असेल, नुकताच झटका येऊन गेला असेल, मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असेल किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील, तर ही भेट टाळूच नका. सिगारेट सुटली की काही औषधांचं प्रमाण बदलावं लागतं. दंत महाविद्यालयांत तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळतं. नागपुरातलं शासकीय दंत महाविद्यालय मेडिकल कॉलेजच्या आवारात आहे, तिथे चौकशी करा. फोनवर बोलायला त्याला सोपं वाटत असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा नंबर आहे, कॉलला पैसे पडत नाहीत. हा नंबर त्याने हजारदा पाहिलेला आहे, सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. सुट्या सिगारेटी घेणाऱ्याला मात्र तो कधी दिसत नाही. (सुटी विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे. ठेल्यावर काय चालतं ते तुम्ही रोज बघता.)

झोप नाही आणि हात थरथरतात, यामागे सिगारेट नसण्यासोबत आणखी एक कारण असू शकतं आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृताचं एक एन्झाइम जोरात काम करतं. तेच एन्झाइम चहा-कॉफीतलं कॅफिनही संपवतं. त्यामुळे सिगारेट ओढणाऱ्याचं शरीर कॅफिन जवळजवळ दुप्पट वेगाने बाहेर काढतं. पाच-सहा चहा पिऊनही त्याला काही होत नाही. सिगारेट थांबली की आठवडाभरात ते एन्झाइम नेहमीच्या वेगावर येतं. चहा तेवढाच, पण अंगात कॅफिन बरंच जास्त वेळ राहतं. छातीत धडधड, हात थरथरणं, रात्री डोळा न लागणं, आणि माणूस समजतो, ‘सिगारेट सोडली म्हणून हे होतंय’. गम किंवा पट्टीने यात फरक पडत नाही, कारण हे काम निकोटिनचं नाही, धुराचं आहे.

म्हणून चहा निम्मा करा. बंद करायला सांगू नका, दोन-दोन गोष्टी एकदम सोडायला लावणं हा छळ आहे. सकाळचा आणि अकराचा राहू द्या, साडेचारचा अर्धा कप, आणि त्यानंतर कॅफिन नको. खरंच कॅफिनचा दोष असेल तर तीन-चार दिवसांत थरथर आणि झोप दोन्हींत फरक दिसेल. निकोटिनच्या कमतरतेची चिडचिड तशी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि दोन ते चार आठवड्यांत उतरते. अकराव्या दिवशीही ती तेवढीच असेल, तर डोस आणि चहा या दोन जागा आधी तपासायच्या. पोट साफ न होणं, तोंड येणं, भूक वाढणं, खोकला थोडा वाढणं, हेही या दिवसांत होतं आणि जातं. मन मात्र सतत खचलेलं राहिलं, कशातच रस वाटेना झाला, तर वाट पाहू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, डॉक्टर तर आहेतच.

आता तुमचा चहा. पानठेल्याजवळ उभं राहून चहा प्यायचा आणि सिगारेट प्यायची नाही, हे अकराव्या दिवशी कुणाकडूनही मागण्यासारखं नाही. तिथे सगळंच त्याला बोलावतं. दोरीला टांगलेला लायटर, शेजारच्याने काडी ओढल्याचा आवाज, ‘भाऊ, नेहमीची ना?’ म्हणत आधीच पुढे आलेला ठेलेवाल्याचा हात. वर्षानुवर्षं रोज दोनदा त्याच जागी तेच केलं, तर ती जागाच तलफ आणते, निकोटिन रक्तात असो वा नसो. गम अंगातल्या कमतरतेवर उपाय करतो, त्या जागेवर नाही.

जागा बदलणं तुमच्या हातात आहे, आणि ते सगळ्यात चांगलं तुम्हीच करू शकता. पुढचे पाच-सहा आठवडे चहा बसून घ्यायच्या हॉटेलात घ्या, जिथे टेबल आहे, पंखा आहे, भिंतीवर पाटी आहे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे आणि हॉटेलच्या आत तरी ती बऱ्यापैकी पाळली जाते. तिथे सिगारेट हवी तर बिल देऊन बाहेर यावं लागतं, रस्ता ओलांडावा लागतो, तेवढ्यात तलफेची सर निघून जाते. दहा रुपये जास्त जातील. ‘लांब पडतं’ हे कारण त्याने सांगितलं तर ऑफिसातच थर्मास न्या. आणि हे ‘तुझ्यासाठी’ आहे असं जाहीर करू नका. ‘ठेल्यावरची धूळ बस झाली बे’, म्हणा.

हातांचंही बघावं लागतं. रोज बारा-तेरा वेळा बोटांना काहीतरी धरायची सवय आहे. सध्या संत्री आहेत, यासारखा उपाय नाही. संत्रं सोलायचं, फोडीवरचे पांढरे दोरे एकेक काढायचे, बिया काढायच्या, पाच-सहा मिनिटं जातात, आणि तलफेचा जोर साधारण तेवढाच टिकतो. हाताला साल चिकटते, वास राहतो, त्या हाताने सिगारेट धरावीशी वाटत नाही. फक्त संत्रं आंबट आहे हे विसरू नका. गम संपल्यावर खायचं, आणि पुढच्या गमला पाव तास तरी बाकी हवा. लवंग, वेलची, साधी बडीशेप खिशात असू द्या. पानठेल्यावरचा तयार मुखवास नको, त्यात बरेचदा सुपारी असते.

यावरून पुन्हा खर्रा. त्याने विचारलं तर उत्तर ‘नाही’ आहे, आणि ते तुम्ही देऊ शकता, तुमच्याइतकं पटेल असं दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. सिगारेट सोडताना खर्र्याकडे वळणं विदर्भात फार सोपं आहे. धूर नाही, वास कमी, ऑफिसात बसल्या जागी चालतं, घरी कळत नाही. पण चुन्यामुळे निकोटिन तोंडातून व्यवस्थित चढतं आणि बराच वेळ रक्तात टिकतं. म्हणजे सवय जिथल्या तिथे राहते, वर सुपारीची एक नवी सवय लागते. सुपारी नुसतीसुद्धा कर्करोग करते, आणि तिच्याने गालाची कातडी आतून ताठ होत जाऊन तोंड उघडेनासं होतं. हे सगळं त्याला सुनवायची गरज नाही. ‘मी खातो, म्हणून सांगून राहिलो. याच्यात आला तर निघायला सिगारेटपेक्षा सोपं नाही’, इतकं खरं खरं बोललात तरी ते पोचेल. तुमच्या स्वतःच्या खर्र्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. त्याच्या समोर पन्नी उघडू नका, एवढंच.

आता ‘आज किती?’

हा प्रश्न तुम्ही काळजीने विचारलात, पण त्याला दोनच उत्तरं आहेत. एक शाबासकी मिळवायचं, दुसरं कबुलीचं. दुसरं द्यायची वेळ आली की माणूस गप्प बसतो. आणि ज्या दिवशी तो गप्प बसतो, त्याच दिवशी त्याला सोबत लागते. त्याच्या मोबाइलमधलं अॅप तेच करतं. आकडा शून्यावर गेला, पण शरीरात तसं काही झालं नाही. सिगारेट ओढणाऱ्याच्या मेंदूत निकोटिन धरणाऱ्या जागा वाढलेल्या असतात, त्या कमी व्हायला काही आठवडे लागतात, आणि लग्नातल्या दोन सिगारेटींनी त्या सगळ्या परत उगवत नाहीत. ‘आता गेलंच सगळं’ असं समजून तिसरी पेटवली जाते, धोका त्यात आहे.

लग्नानंतर त्याने गम थांबवला का, एवढं मात्र जाणून घ्या. पुष्कळ लोक असंच करतात, सिगारेट आणि गम एकत्र चालत नाही असं ऐकलेलं असतं म्हणून. एखादी ओढली गेली तरी गम चालूच ठेवायचा, पुढचा गम ठरलेल्या वेळीच घ्यायचा. पट्टी असली तर तीही काढायची नाही. उरलेलं पाकीट असेल तर ते पाण्यात बुडवून फेकायचं, नुसतं कचऱ्यात टाकलेलं रात्री अकराला परत काढलं जातं. बस, एवढंच. कोण होतं, किती ओढल्या, का ओढल्या, याची चौकशी नको. त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल, आणि त्याने सांगितलं तर त्यातून एकच गोष्ट उचला: ती वेळ कुठली होती आणि त्याच्या आधी गम होता का. लग्नात बहुधा नव्हता. जेवण, मित्र, कदाचित मागच्या बाजूला एखादा पेग, आणि नवा सदरा घातल्यामुळे गमची स्ट्रिप घरच्या शर्टात. या चौघांनी मिळून काम केलं.

पुढचं लग्न असेलच, सीझन आहे. तेव्हा गमची एक स्ट्रिप तुमच्या खिशात ठेवा. जेवणाच्या पंगतीला बसायच्या अर्धा-पाऊण तास आधी, कुणाला दिसणार नाही असा एक त्याच्या हातात द्या, हस्तांदोलन केल्यासारखा. जेवण झालं की त्याला आइस्क्रीमच्या रांगेत न्या, मंडपाच्या मागच्या बाजूला जाणाऱ्या घोळक्यात नाही. दारू असेल तर पहिले काही आठवडे ती टाळलेलीच बरी, दुसऱ्या पेगनंतर ना अलार्म ऐकू येतो ना तुम्ही.

मेसेज आजच करा, पण त्यात प्रश्न नको आणि सिगारेट हा शब्दही नको. त्याने उत्तर दिलंच पाहिजे असंही काही नको. असा करता येईल: ‘उद्या अकराला ठेल्यावर नाही, कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसू. गम सव्वादहाला लाव, गालात दाबून ठेव, चावत बसू नको. संत्री मी आणतो.’